‘हो, नक्की येतोय’ या उत्तराचं करायचं काय?

ऑफर स्वीकारल्याचा मेल आला की भरतीच्या तक्त्यात त्या नावापुढचा रकाना हिरवा होतो आणि सगळ्यांचं लक्ष पुढच्या रिकाम्या जागेकडे वळतं. माझं अर्धं काम तिथून पुढे सुरू होतं. स्वीकार आणि जॉइनिंग यांच्यामध्ये नोटीस पिरियड असतो. कुणाचा 30 दिवसांचा, कुणाचा 60, कुणाचा 90. एवढे दिवस तो माणूस रोज जुन्याच ऑफिसात, जुन्याच खुर्चीत, जुन्याच माणसांत बसत असतो. आपण त्याच्यासाठी एक पीडीएफ आणि फोनवर ऐकलेले दोन आवाज. जॉइनिंगच्या दिवशी न येणारे बहुतेक जण या मधल्या काळात कधीतरी निसटलेले असतात. आपल्याला ते त्या सकाळी कळतं, एवढंच.

या काळात पाठवायचा एक ठरलेला मेसेज जवळपास प्रत्येक भरतीच्या टीमकडे असतो. ‘आपण कुशल असाल अशी आशा आहे. आपण अमुक तारखेला रुजू होत असल्याची कृपया खात्री द्यावी.’ मीही तो पाठवलाय. उत्तर येतं, ‘हो, नक्की येतोय.’ येणारा हेच लिहितो, न येणाराही हेच लिहितो, आणि ज्याचं अजून ठरलेलं नाही तो तर सगळ्यात आधी हेच लिहितो. त्याच्या जागी बसून पाहिलं तर यात नवल नाही. ‘अजून नक्की नाही’ असं लिहिलं तर हातातली ऑफर जाऊ शकते, ‘हो’ लिहिलं तर काहीच जात नाही. ज्या प्रश्नाला सगळे एकच उत्तर देतात, तो विचारून आपल्याला काहीच कळत नाही, फक्त रकाना हिरवा राहतो.

त्यामुळे मी आता मेसेजमध्ये ‘येणार ना?’ विचारत नाही. जुनी नोकरी खरोखर सोडत असलेल्या माणसाकडेच ज्याचं उत्तर तयार असेल, असं काहीतरी विचारते. आणि वाईट बातमी सांगायला त्याला दार उघडं ठेवते. हे कसं चालतं ते एका जागेच्या निमित्ताने सांगते, कारण त्या जागेवर सगळे टप्पे एकामागून एक आले.

जागा अकाउंट्स टीममधली होती. महिनाअखेरचे हिशेब बंद करणारी वरिष्ठ व्यक्ती हवी होती. ज्याने ऑफर स्वीकारली त्याचा नोटीस पिरियड 60 दिवसांचा होता, आणि जॉइनिंगची तारीख ठरली 16, सोमवार. जुन्या कंपनीतला शेवटचा दिवस त्याआधीचा शुक्रवार, 13.

पहिला मेसेज मी राजीनाम्याच्या वेळी पाठवते. काउंटर ऑफर यायची असेल तर ती बहुधा राजीनामा दिल्यावर लगेचच्या दिवसांत येते, कारण साहेबांना धक्का तेव्हाच बसलेला असतो. म्हणून ‘राजीनामा दिलात का?’ एवढंच विचारून थांबत नाही. त्याला लिहिलं होतं:

‘राजीनामा दिल्यावर वरिष्ठ बहुतेक वेळा समोर बसवून बोलतात. कधी पगार वाढवायचं म्हणतात, कधी थोडं थांबायला सांगतात. तसं काही झालं तर त्यात अवघडण्यासारखं काही नाही, मला मोकळेपणाने कळवा. राजीनामा स्वीकारल्याचं लेखी आलं की शेवटच्या दिवसाची त्यात असलेली तारीख तेवढी सांगा, म्हणजे इथली तयारी त्याप्रमाणे लावते.’

यातली तारीख महत्त्वाची. आधारकार्डापासून मार्कशीटपर्यंतची कागदपत्रं कुणीही दहा मिनिटांत पाठवतं. ज्याचं यायचं ठरलेलं नाही तोही पाठवतो, त्यावरून काही समजू नये. पण राजीनामा स्वीकारल्याची लेखी तारीख राजीनामा दिल्याशिवाय येत नाही. मी त्या मेलचा स्क्रीनशॉट मागत नाही. तो त्याच्या कंपनीचा अंतर्गत पत्रव्यवहार असतो, आणि मागितला की आपण विश्वास ठेवत नाही हे लगेच कळतं. तारीख शब्दांत सांगितली तरी पुरते, कारण खोटी तारीख मुद्दाम रचून सांगणारे फार थोडे. बाकीचे अशा वेळी गोल गोल लिहितात, ‘प्रोसेसमध्ये आहे’, ‘लवकरच कळेल’, आणि तेच आपल्याला पाहायचं असतं.

याचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं. साहेबांनी बसवलं होतं, पुढच्या वर्षी बढतीचं बोलले, याने नाही म्हटलं, स्वीकृती आली, तारीख 13. उत्तरात तपशील होता आणि तो न मागता आला होता. मी निश्चिंत झाले.

दुसरा मेसेज मी स्वतः पाठवत नाही, ज्या मॅनेजरच्या हाताखाली माणूस येणार त्यांना पाठवायला सांगते. एचआरच्या मेसेजला लोक एचआरला द्यायचं उत्तर देतात. मॅनेजरने कामातलं काहीतरी खरं विचारलं तर तो माणूस मनाने त्या टीममध्ये एक पाऊल टाकतो. मॅनेजर मंडळी याला कंटाळतात, ‘लिहू काय?’ म्हणतात. मी सांगते, स्वागताचं काही लिहू नका, एक प्रश्न विचारा. आमच्या मॅनेजरने विचारलं की विक्रेत्यांची बिलं आणि बँकेच्या नोंदी जुळवताना तुमच्याकडे फरकांची यादी रोज निघते की महिनाअखेरीस, कारण इथे ती पद्धत बदलायचा विचार आहे. उत्तर चांगलं लांबलचक आलं, वर दोन प्रश्नही आले. उमेदवाराने उलटे प्रश्न विचारणं हे माझ्या अनुभवात सगळ्यात भरवशाचं चिन्ह. न येणारा माणूस नव्या ऑफिसातल्या फरकांच्या यादीची चौकशी कशाला करेल?

इथे एक काळजी घ्यावी लागते. हा प्रश्न म्हणजे फुकटात काम करून घेणं होता कामा नये. एका मॅनेजरने नोटीसवर असलेल्या उमेदवाराला ‘जरा बघून ठेवा’ म्हणून चाळीस पानी दस्तऐवज पाठवला होता. तो मी परत घ्यायला लावला. शिवाय जुन्या कंपनीची आतली माहिती विचारू नये. पद्धत विचारावी, आकडे नाहीत, गिऱ्हाइकांची नावं नाहीत.

मग येतो मधला सपाट काळ. नोटीस निम्म्याच्या वर गेलेली असते, काउंटर ऑफरचा जोर ओसरलेला असतो, जॉइनिंग अजून लांब असतं. या काळात काही कंपन्या दर दोन दिवसांनी स्वयंचलित मेल पाठवतात, ‘आता फक्त 22 दिवस!’ वगैरे. उमेदवार ते उघडतही नाहीत. मी या काळात एकच कामाचा मेसेज ठेवते, आणि तो 26 तारखेला गेला: लॅपटॉप कुठल्या पत्त्यावर पाठवायचा, ओळखपत्रावर नाव कसं हवं, आणि हँडओव्हर कुणाकडे देताय, ते वेळेत होईल असं दिसतंय का.

शेवटचा प्रश्न तिथे मुद्दाम आहे. हँडओव्हर घेणारा माणूस ठरलेला असेल तर जुन्या ऑफिसने त्याचं जाणं खरोखर मान्य केलंय. कुणीच ठरलेलं नसेल, तर कागदावर तारीख असली तरी तिथल्या लोकांच्या मनात ती अजून पक्की नाही.

उत्तर यायला दोन दिवस लागले. ‘हो मॅडम, वीकेंडपर्यंत सगळं पाठवतो.’ बस्स. वीकेंड गेला, काही आलं नाही.

उशिरा उत्तर आलं म्हणजे माणूस फिरला, असं समजणारे रिक्रूटर मी पाहिलेत, आणि त्यांनी येणारी माणसंही घालवलेली पाहिलीत. काही जण मुळातच चार दिवसांनी उत्तर देतात, मुलाखतीच्या वेळीही तसंच देत होते, त्यांच्यात काही बिघडलेलं नसतं. पाहायचा असतो तो त्याच माणसाच्या वागण्यातला फरक. म्हणून मी तक्त्यात प्रत्येक उत्तरापुढे ते किती वेळात आलं आणि त्यात काय राहिलं, एवढं टिपून ठेवते. याची आधीची सगळी उत्तरं काही तासांत आलेली, तपशिलासकट. आता दोन दिवस, एक ओळ, आणि तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर नाही. त्यातही पत्ता आणि नाव आळसाने राहू शकतं. हँडओव्हरचा प्रश्न कुणी आळसाने टाळत नाही.

मॅनेजरचं मत पडलं की याला दुसरी ऑफर मिळाली. आमच्या व्यवसायात हा पहिला संशय असतो आणि बऱ्याचदा तो खराही असतो. पण तो धरून मेसेज लिहिला की लिहिणाऱ्याचा सूर बदलतो. ‘आपण वचन दिलं होतं’ असा काहीतरी वास त्याला येतो, आणि ज्याची अडचण वेगळीच आहे तो माणूस आणखी गप्प होतो. म्हणून मी स्वतःला विचारते की दुसरी ऑफर नसेल तर काय असू शकेल. घरात आजारपण, जुन्या कंपनीने अडवून धरलेलं, घरच्यांना रात्रीच्या शिफ्टबद्दल आता कळलेलं, किंवा ठरलेल्या पगारात हातात किती पडणार हे आत्ता नीट मोजून धक्का बसलेला. यातल्या निम्म्या गोष्टींवर काहीतरी करता येतं, वेळेत कळलं तर.

मेसेज पाठवण्याआधी मी मॅनेजरकडून एक गोष्ट लेखी घेतली: तारीख पुढे न्यावी लागली तर जास्तीत जास्त किती चालेल? ते कुरकुरले, महिनाअखेर डोक्यावर येते म्हणाले, मग दोन आठवडे कबूल केले. ही परवानगी हातात नसताना उमेदवाराला ‘काही अडचण असेल तर बघू’ लिहिणं पोकळ असतं. त्याने अडचण सांगितल्यावर आपण चार दिवस वर विचारत बसलो, तर त्या चार दिवसांत तो खरंच निसटतो.

3 तारखेला संध्याकाळी गेलेला मेसेज असा होता:

‘नमस्कार. लॅपटॉपची ऑर्डर आमच्याकडून शुक्रवारी, 6 तारखेला जाते, म्हणून त्याआधी तुमच्याकडची परिस्थिती समजून घ्यायची होती. या टप्प्यावर लोकांचं साधारण तीनपैकी एक काहीतरी असतं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय आणि फक्त कामाच्या गडबडीत उत्तर राहिलंय. किंवा यायचं आहे, पण तारखेची किंवा दुसरी काही अडचण आलीय. किंवा विचार बदलतोय. तिन्हींपैकी काहीही असलं तरी मला आत्ता कळणं सोयीचं आहे. तारखेचा प्रश्न असेल तर दोन आठवड्यांपर्यंत पुढे नेता येईल, ते मी विचारून ठेवलं आहे. विचार बदलत असेल तर तेही सरळ सांगा, मी समजून घेईन आणि त्याप्रमाणे इथली व्यवस्था करेन. लिहायला अवघड वाटत असेल तर आज किंवा उद्या रात्री 8 नंतर फोन करा.’

यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते सांगते, कारण असा मेसेज उचलून वापरताना लोक नेमक्या कामाच्या ओळी गाळतात.

लॅपटॉपची तारीख खरी होती. मुदत द्यायचीच तर ती आपल्या कामातून आलेली असावी. ‘शुक्रवारपर्यंत उत्तर न आल्यास ऑफर रद्द समजावी’ हे लिहिलं की कुंपणावर बसलेला माणूस पलीकडे उडी मारतो, आणि अडकलेला माणूस घाबरून ‘हो’ लिहून टाकतो. मग आपण परत पहिल्या जागी.

तीन शक्यता लिहिल्या, कारण त्यामुळे वाईट बातमीचं वाक्य त्याला जुळवावं लागत नाही. ‘दुसरी’ एवढंच लिहिलं तरी चालतं, आणि लोक तसं खरोखर लिहितात. त्यात ‘सगळं ठरल्याप्रमाणे’ ही शक्यता पहिली ठेवली की संशय घेतल्यासारखं वाटत नाही. तिसरी शक्यता गाळायचा मोह होतो. मॅनेजरनेही विचारलं होतं, ‘आपणच कशाला त्याच्या डोक्यात घालायचं?’ ती त्याच्या डोक्यात नसेल तर मेसेज वाचून येत नाही. आणि असेल, तर ती लिहिलेली पाहूनच तो बोलतो.

मेसेज त्याच्या स्वतःच्या फोन नंबरवर गेला, संध्याकाळी. नोटीसवर असलेल्या माणसाच्या ऑफिसच्या मेलवर काहीही पाठवू नये, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. कामाच्या वेळातही टाळावं. मीटिंगमध्ये टेबलावर ठेवलेल्या फोनवर नव्या कंपनीचा मेसेज उजळला तर त्याला कानकोंडं होतं.

त्याच रात्री उत्तर आलं. ‘दुसरी. सर सोडत नाहीयेत. फोन करू का?’

फोनवर कळलं ते असं. त्याच्या ऑफिसात ऑडिट सुरू झालं होतं आणि साहेब तोंडी म्हणत होते की ऑडिट संपल्याशिवाय रिलिव्हिंग लेटर मिळणार नाही. हँडओव्हर घ्यायला कुणी दिलंच नव्हतं. आम्हाला सांगितलं तर आम्ही ऑफर काढून घेऊ अशी याची भीती, आणि 13 तारखेला तसंच निघून आलं तर साहेब पुढे कुणाला चांगलं सांगणार नाहीत ही दुसरी भीती. अशा माणसाचं पुढे काय होतं हे मी पाहिलंय. तो दोन्हीकडे ‘हो’ म्हणत राहतो, शेवटच्या आठवड्यात फोन उचलायचा बंद करतो, आणि जॉइनिंगच्या दिवशी जुन्या ऑफिसात ऑडिटरांसमोर बसलेला असतो. आमच्या तक्त्यात त्याची नोंद ‘दुसरी ऑफर असावी’ अशी झाली असती.

मी त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली: लेखी काय आहे? लेखी होती ती राजीनाम्याची स्वीकृती आणि 13 तारीख. बाकी सगळं तोंडी. म्हणजे नोटीसच्या बाबतीत तो मोकळा होता, अडकलेला होता तो संबंधांत आणि रिलिव्हिंग लेटरच्या भीतीत. त्याच्यापुढे दोन रस्ते होते. हँडओव्हरची टिपणं स्वतःच लिहून, ती मेलने साहेबांना आणि तिथल्या एचआरला देऊन 13 तारखेला निघणं. किंवा थोडं थांबणं, पण नवी तारीख लेखी घेऊन. त्याने दुसरा निवडला. साहेबांशी बिघडवायचं नव्हतं, ते मला पटलं.

आमची अट एवढीच होती की तिथून नवी तारीख लेखी आली की मगच आमचं सुधारित पत्र निघेल. ‘ऑडिट संपल्यावर’ ही तारीख नव्हे. ऑडिट लांबतं, त्यात प्रश्न निघतात, मग वर्षअखेर येते. त्याला ठराविक दिवस मागून घ्यायला सांगितलं आणि त्या बदल्यात त्या दिवसापर्यंत कोणती कामं पुरी करणार याची यादी द्यायला सांगितलं. साहेबांना खरी काळजी त्या कामांची असते, माणसाची नाही. मेल त्यानेच लिहिला. ‘मसुदा पाठवता का?’ असं त्याने विचारलं होतं, मी नाही म्हटलं. त्याच्या जुन्या कंपनीशी होणाऱ्या पत्रव्यवहारात आपली भाषा, आपले शब्द असू नयेत, आणि तिथे आपण फोन तर मुळीच करू नये. त्याच कारणासाठी पार्श्वभूमी तपासणाऱ्या एजन्सीलाही मी कळवून ठेवलं की सध्याच्या कंपनीशी संपर्क त्याच्या संमतीनंतरच, म्हणजे तो बाहेर पडल्यावर.

गुरुवारी तारीख आली: शेवटचा दिवस 27. त्याच दिवशी आम्ही 30 तारखेचं, सोमवारचं, सुधारित जॉइनिंग पत्र पाठवलं. त्याबरोबर लॅपटॉपचा पत्ता, ओळखपत्रावरचं नाव आणि हँडओव्हर घेणाऱ्याची माहिती न मागता आली. उत्तरं पुन्हा काही तासांत यायला लागली. मॅनेजरला महिनाअखेरीच्या दिवशीच नवा माणूस मिळाला, म्हणून ती महिनाअखेर टीममधल्या दुसऱ्याने बंद करायची आणि याने शेजारी बसून पाहायची असं ठरलं.

जॉइनिंगच्या आधीचा मेसेज अगदी कोरडा असावा. मी तो आधीच्या कामाच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी दुपारी पाठवते. रविवारी रात्री पाठवला की धाकधुकीत भर पडते आणि काही प्रश्न असेल तर उत्तर द्यायला आपण नसतो. किती वाजता यायचं, दारावर कुणाचं नाव सांगायचं, तो माणूस कुठल्या नंबरवर सापडेल, कोणते मूळ कागद आणायचे, पहिल्या दिवशी किती वाजता मोकळीक मिळेल. शेवटची गोष्ट लोक विसरतात. पण घरी लहान मूल असलेल्या किंवा लांबून येणाऱ्या माणसाच्या डोक्यात तोच प्रश्न असतो. तो आला. सांगितलेल्या वेळेच्या आधीच खाली उभा होता.

हे सगळं चालतं तेव्हा चालतं. पगार बाजारापेक्षा कमी असेल, मुलाखतीत सांगितलेलं काम ऑफर लेटरमध्ये बदललं असेल, किंवा एखाद्याने ऑफर फक्त जुन्या ठिकाणी पगार वाढवून घ्यायला मिळवली असेल, तर मेसेज कितीही विचार करून लिहिला तरी तो माणूस येणार नाही. मेसेजने फार तर ते लवकर कळतं. पण लवकर कळणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. एका डिझायनरने राजीनाम्यानंतरच्या मेसेजला उत्तर दिलं होतं, ‘त्यांनी पगार वाढवायचं म्हटलंय, मी विचार करतेय.’ मी आमचा आकडा वाढवायच्या मागे लागले नाही. तसं केलं की लिलाव सुरू होतो. एवढंच विचारलं की वाढीव पगार लेखी दिलाय का, आणि तुम्ही नोकरी सोडायची ठरवलीत ती ज्या कारणांमुळे, ती आता राहिली नाहीत का. चार दिवसांनी तिने स्पष्ट नकार कळवला. लेखी मिळालं होतं, टीमही बदलून मिळाली होती. नोटीस सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता.

त्या जागेसाठी दुसऱ्या क्रमांकावर राहिलेली उमेदवार होती. तिला मी आधीच खरं सांगून ठेवलं होतं: ऑफर दुसऱ्या व्यक्तीला गेलीय, त्या व्यक्तीचा नोटीस पिरियड सुरू होतोय, जागा परत मोकळी झाली तर पहिला फोन तुम्हाला, पण तोपर्यंत तुम्ही दुसरीकडे थांबू नका. तिला ‘प्रक्रिया सुरू आहे’ असं सांगत लटकवत ठेवणं बऱ्याच ठिकाणी चालतं. मग महिन्याभराने फोन केला की ती उचलत नाही, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. हिने उचलला. तिचा नोटीस पिरियड 30 दिवसांचा होता, आणि डिझायनरची ठरलेली तारीख जवळजवळ गाठली गेली.

आणि एवढं करूनही एखादा काही न कळवताच गैरहजर राहतो. सकाळी 10 ची वेळ असेल तर मी 10:30 ला एकदा फोन करते. वाटेत अडकणं, इमारत न सापडणं, खाली सुरक्षारक्षकाने अडवणं, हे सगळं खरोखर होतं. उचलला नाही तर एक मेसेज जातो, आणि त्यात रागाची एकही खूण नसते: ‘आज आपली वाट पाहिली. सगळं ठीक असेल अशी आशा आहे. काही अडचण असेल तर आज संध्याकाळी 6 पर्यंत कळवा, त्यानंतर ही जागा आम्ही पुढच्या उमेदवारासाठी खुली करू.’ इथे मुदत सरळ लिहिते, कारण आता ती खरी असते. संध्याकाळी 6 नंतर ऑफर मागे घेतल्याचा दोन ओळींचा मेल जातो, त्याची प्रत मॅनेजरला, आणि लॅपटॉप वापरासाठी सुरू झाला असेल तर तो बंद करायला आयटीला. कायदेशीर कारवाईची धमकी, इतर कंपन्यांत नाव खराब करण्याची भाषा, असलं काही त्यात नसतं. एकदा अशा मेलला दुसऱ्या दिवशी एका उमेदवाराच्या भावाचं उत्तर आलं होतं, उमेदवार दोन दिवसांपासून रुग्णालयात होता. ती जागा आम्ही तेव्हा पुन्हा थांबवली आणि तारीख पुढे नेली.